तिकिटाच्या संदेशाची दोन रूपे

समजा, कोल्हापूरहून मुंबईला जाणारी रात्रीची बस आहे आणि ट्रॅव्हल्सवाल्याला प्रवाशांना मराठीत निरोप पाठवायचा आहे. तो साधा एसएमएस लिहायला बसला की पहिली अडचण जागेची येते. एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. इंग्रजी अक्षर सात बिटांत बसते, म्हणून इंग्रजीत १६० अक्षरे मिळतात. देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला सोळा बिट लागतात, त्यामुळे मराठीत उरतात फक्त ७०. त्यातही 'रात्री' हा शब्द आपल्याला दोन अक्षरांचा दिसतो, पण र, काना, त, हलन्त, र आणि वेलांटी असे सहा वर्ण मोजले जातात. निरोप सत्तरच्या पुढे गेला की त्याचे तुकडे होतात, प्रत्येक तुकड्यात ६७ वर्णच बसतात आणि दर तुकड्याचे पैसे वेगळे लागतात. 'Aapli bus ratri 9.30 la sutel' असा रोमन लिपीतला मराठी मजकूर आपल्याला येतो, त्यामागे हा हिशेबही असतो.

दुसरी अडचण ओळखीची. पाठवणाऱ्याच्या नावाच्या जागी सहा अक्षरांचे आखूड नाव, त्याच्या मागे-पुढे कंपनी, सर्कल आणि संदेशाचा प्रकार सांगणारी अक्षरे. हे नाव ट्रायच्या नियमांप्रमाणे नोंदलेले असते, पण ते कुणाचे हे सामान्य माणसाने ओळखायचे कसे?

तोच निरोप आरसीएसवर गेला तर ट्रॅव्हल्सचे पूर्ण नाव, लोगो आणि शेजारी पडताळणीची खूण दिसते. खाली बसच्या चित्रासह एक कार्ड येते. त्याच्या शीर्षकाला २०० आणि मजकुराला २००० वर्णांपर्यंत जागा असते, म्हणजे थांबा, बसचा नंबर, सामानाचे नियम सगळे मराठीत नीट सांगता येते. कार्डाखाली 'थांबा नकाशावर पाहा', 'फोन करा', 'तिकीट रद्द करा' अशी बटणे असतात. प्रवासी तिथेच उत्तर देऊ शकतो. ही सोय मला चित्रांपेक्षा मोलाची वाटते.

मात्र खूण आणि लोगो यांतला फरक ध्यानात ठेवा. आरसीएसवर साध्या दहा आकडी नंबरवरूनही गप्पा होतात आणि तिथे कुणीही बँकेचे चिन्ह स्वतःचा फोटो म्हणून लावू शकतो. म्हणून वरच्या नावावर टिचकी मारा. खऱ्या व्यावसायिक खात्यात पडताळणीची खूण, वेबसाइट आणि संपर्क दिसतो. अर्थात पडताळलेला पाठवणारा त्रास देणारच नाही असे नाही. २०२२ मध्ये भारतात या मार्गाने जाहिरातींचा इतका भडिमार झाला, की गूगलला इथले प्रचारसंदेश थांबवावे लागले होते. आणखी एक गोष्ट म्हणजे, दोन मित्रांच्या आरसीएस गप्पांना मिळणारे टोकापासून टोकापर्यंतचे कुलूप कंपनीच्या संदेशांना नसते.

हे संदेश यायला आपल्या बाजूने काय लागते? अँड्रॉइडवर गूगल मेसेजेस हे अॅप मुख्य संदेश-अॅप असावे लागते, आणि त्याच्या सेटिंगमध्ये RCS chats चालू हवे. तिथे Connected लिहिलेले दिसले की नंबरची नोंद झाली. आयफोनवर आयओएस १८ पासून आरसीएस आले, व्यावसायिक संदेश १८.१ पासून. पण तिथे मोबाइल कंपनीचाही पाठिंबा लागतो. मेसेजेसच्या सेटिंगमध्ये तो पर्यायच दिसत नसेल, तर बहुधा अडचण आपल्या फोनची नसून कंपनीकडची असते. आणि दोन्हीकडे इंटरनेट हवेच.

गोंधळ होतो तो या इंटरनेटपाशी. पाठवण्याआधी यंत्रणा विचारते, हा नंबर आरसीएसवर आहे का? नसेल तर लगेच एसएमएस पाठवता येतो. पण नोंद आहे आणि त्या वेळी डेटा बंद आहे, तर संदेश सर्व्हरवर थांबून राहतो. साडेनऊची बस गेल्यावर दहा वाजता तो मिळून काय उपयोग? जाणता पाठवणारा काही मिनिटे वाट पाहतो, पोहोच आली नाही तर आरसीएस संदेश मागे घेतो आणि एसएमएस सोडतो.

माझ्या मावशीच्या बाबतीत गाठ आणखी वेगळी होती. तिचा स्मार्टफोन पडून फुटला, म्हणून सिम बटणांच्या फोनमध्ये घातले. नंबर मात्र आरसीएसवर नोंदलेलाच राहिला, आणि काही निरोप तिच्यापर्यंत पोहोचेनात. अशा वेळी messages.google.com/disable-chat या पानावर नंबर टाकायचा, एसएमएसने आलेला सहा आकडी कोड भरायचा, की नोंद निघते. मी ते केले आणि तिच्या पुढच्या बसचा निरोप त्या छोट्या पडद्यावर साध्या एसएमएसने आला.