जास्त व्याज देऊ केलं तरी बँक नाही का म्हणते?

कांद्याचा भाव वाढला की माल बाजारात येतो. कर्जाचं तसं नसतं. दोन टक्के जादा व्याज देऊ करणाऱ्यालाही बँक परत पाठवते. असं का होतं, हे जोसेफ स्टिग्लिट्झ आणि अँड्र्यू वाइस यांनी 1981 मध्ये मांडलं.

समजा, बँकेने शंभर जणांना एकेक लाख दिले. पन्नास जणांचा धंदा बेताचा पण खात्रीचा, ते सगळे फेडतात. उरलेले पन्नास मोठी उडी मारणारे, त्यांतले दहा बुडतात. व्याज 12 टक्के असेल, तर नव्वद जणांकडून 100.8 लाख परत येतात.

आता व्याज 20 टक्के केलं. बेताच्या नफ्यात ते परवडत नाही, म्हणून खात्रीचे लोक मागे फिरतात. शंभरही कर्जं उडी मारणाऱ्यांकडे जातात आणि वीस बुडतात. ऐंशी जणांकडून येतात 96 लाख. दर वाढला, पण मुद्दलातच खोट आली.

अर्जदार कोणत्या गटातला, हे बँकेला बाहेरून कळत नाही. म्हणून ती दर रोखते आणि काहींना नकार देते. तेव्हा कर्ज मागताना जादा व्याजाची तयारी दाखवू नका. जुन्या फेडीची नोंद, चोख हिशेब आणि तारण दाखवा.