बेरीज बरोबर होती, तरीही…

परवा दुपारी शेजारच्या काकू मोबाइल घेऊनच आल्या. ‘‘जरा बघता का हो, लेकीनं फोटो पाठवलाय. काही कळत नाही नि तीन हजार कमी आल्यासारखे वाटताहेत.’’

त्यांची लेक तालुक्याबाहेर बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजच्याच वसतिगृहात पैसे भरून राहते. अनुसूचित जातीच्या मुलांना मिळणारी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती तिला मंजूर झाली होती, आणि तिचं पत्रक कॉलेजच्या फलकावर लागलं होतं. गर्दीत घाईघाईनं काढलेला तो फोटो, तिरका नि धूसर.

लेकीच्या नावापुढे चार आकडे होते. निर्वाह भत्ता ३,०००, शिक्षण व इतर फी चार हजार काहीतरी, परीक्षा फी १,२४० आणि एकूण ९,१००. फीचा आकडा ४,३६० की ४,८६० तेच कळेना, कारण कागदावरचा इंग्रजी तीन आणि आठ धूसर फोटोत सारखेच दिसतात. मग आम्ही बेरजा करून पाहिल्या. ४,३६० धरले तर ८,६०० होतात, ४,८६० धरले तर नेमके ९,१००. म्हणजे आकडा आठाचाच. फीच्या पावतीवरही तोच निघाला.

काकू म्हणाल्या, ‘‘मग बेरीज बरोबरच आहे की!’’ इथंच आपण फसतो. बेरीज जुळली म्हणजे बेरजेतला प्रत्येक आकडा खरा, असं नसतं. एकेक रकाना आपल्या कागदाशी ताडून पाहावा लागतो.

निर्वाह भत्त्याचे दर ठरलेले आहेत. २०२१ च्या केंद्राच्या नियमांत अभ्यासक्रमांचे चार गट केले आहेत. साधी बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. तिसऱ्या गटात येते. त्या गटात घरून ये-जा करणाऱ्याला वर्षाला ३,००० आणि वसतिगृहात राहणाऱ्याला ६,००० रुपये. लेकीला घरून येणारी धरलं होतं! खरी बेरीज १२,१०० व्हायला हवी होती. फरक बरोबर तीन हजारांचा.

काकूंची आणखी एक शंका होती. पासबुकात तर ३,६४० च जमा दिसत होते. पण ती चूक नव्हती. या शिष्यवृत्तीत राज्याचा वाटा ४० टक्के आणि केंद्राचा ६० टक्के असतो, ते वेगवेगळे जमा होतात. ९,१०० चे ४० टक्के म्हणजे ३,६४०. उरलेले ५,४६० केंद्राकडून यायचे होते. हे समजलं नसतं तर आम्ही भलतीच तक्रार घेऊन गेलो असतो.

पत्र लिहिण्याआधी लेकीला एक काम सांगितलं. ‘‘बाळ, अर्जाची छापील प्रत काढ. वसतिगृहाच्या प्रश्नापुढे तू स्वतः ‘हो’ लिहिलंयस ना, ते बघ.’’ आपणच ‘नाही’ भरलं असेल तर पत्राची भाषा बदलते, कार्यालयाकडे बोट दाखवता येत नाही. तिनं ‘हो’च भरलं होतं. मग हे पत्र लिहिलं:

‘‘मा. प्राचार्य यांस,
विषय: शिष्यवृत्ती पत्रकातील निर्वाह भत्त्याच्या दुरुस्तीबाबत.
महोदय, मी द्वितीय वर्ष बी.एस्सी.ची विद्यार्थिनी असून महाविद्यालयाच्या वसतिगृहात राहते. फलकावरील पत्रकात माझ्या नावापुढे निर्वाह भत्ता रु. ३,००० व एकूण रु. ९,१०० दाखवले आहेत. वसतिगृहातील विद्यार्थ्यांसाठी गट ३ चा दर रु. ६,००० असल्याने एकूण रक्कम रु. १२,१०० होते. फरक रु. ३,०००. फीच्या रकमांबाबत माझी हरकत नाही. कृपया मूळ नोंद तपासून दुरुस्ती समाजकल्याण कार्यालयाकडे पाठवावी, ही विनंती.
सोबत: अर्जाची प्रत, वसतिगृहाची पावती, पत्रकाचा फोटो.’’

बघा, यात रागाचा एक शब्द नाही. पत्रकातला आकडा, हवा तो आकडा, फरक आणि पुरावा, एवढंच. जे बरोबर आहे तेही लिहिलं, म्हणजे कारकुनाला सगळी फाइल उपसावी लागत नाही. पत्राच्या दोन प्रती केल्या. एक दिली आणि दुसरीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घेतला. ही पोच नसेल तर पुढच्या महिन्यात ‘पत्र आलंच नाही’ हे ऐकावं लागतं.

फोटोही लेकीनं पुन्हा काढला. या वेळी सरळ उभं राहून, वरचे मथळे आणि आपली ओळ एकत्र येईल असा. नाहीतर कुठला आकडा कुठल्या रकान्यातला, हे सांगणार कोण?

कारकुनांनी नोंद तपासली. चूक त्यांच्याकडचीच निघाली, आणि तीही एकटीची नाही. वसतिगृहातल्या आणखी दोघींची तशीच होती. दुरुस्तीचं पत्र आता समाजकल्याण कार्यालयात गेलं आहे. तिथल्या मंजुरीशिवाय कॉलेजला रक्कम बदलता येत नाही, त्यामुळे पैसे अजून यायचेत. काकूंनी पोचपावती पासबुकातच ठेवलीय. मेसचे तीन हजार मात्र सध्या उसनेच आहेत.