‘मी परत येईन’ : एका पत्राची मांडणी

परदेशी शिकायला जाणाऱ्या विद्यार्थ्याच्या अर्जाला जे कागद जोडले जातात, त्यांतले बहुतेक दुसऱ्या कोणी तरी दिलेले असतात. गुणपत्रक आपले विद्यापीठ देते, प्रवेशाचे पत्र तिकडचे विद्यापीठ देते, खात्याचा उतारा बँक देते. विद्यार्थ्याने स्वतःच्या शब्दांत लिहायचा कागद बहुधा एकच असतो. कॅनडाच्या अर्जात त्याला ‘लेटर ऑफ एक्स्प्लनेशन’ किंवा ‘स्टडी प्लॅन’ म्हणतात. मी काय शिकणार, कशासाठी शिकणार आणि मुदत संपल्यावर परत का येणार, हे त्यात सांगायचे असते. माझ्या मावसबहिणीने पहिल्यांदाच असा अर्ज केला, तेव्हा तिच्या पत्राचे तीन मसुदे मी वाचले. त्या निमित्ताने कॅनडाचे नियमही वाचून काढले. आपल्या महाविद्यालयातूनही दरवर्षी कोणी ना कोणी या वाटेला लागते, म्हणून तिच्याच पत्राच्या आधाराने ही मांडणी समजावून देत आहे.

प्रथम हे पत्र कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे ते पाहू. कॅनडाच्या इमिग्रेशन विनियमांतील कलम २१६ प्रमाणे, दिलेली मुदत संपल्यावर विद्यार्थी देश सोडून जाईल अशी अधिकाऱ्याची खात्री पटली पाहिजे. ती पटवून देण्याची जबाबदारी अर्जदाराची असते. शिवाय बहुतेक अर्जांचा निकाल मुलाखतीशिवाय, केवळ कागदांवरून लागतो. समोर बसून खुलासा करण्याची संधी नाही आणि वाचणाऱ्याच्या पुढे अशा अर्जांचा ढीग. तेव्हा हे पत्र म्हणजे विनंतीअर्ज नव्हे आणि निबंध तर नव्हेच. सोबतच्या कागदांतून काय सिद्ध होते, हे दाखविणारी ती एक वाटाडी आहे. पत्रातल्या प्रत्येक महत्त्वाच्या वाक्यामागे एखादा जोडलेला कागद उभा असला पाहिजे.

माझ्या बहिणीचा पहिला मसुदा एका एजंटाने टंकून दिलेला होता. ‘माझे माझ्या देशावर आणि कुटुंबावर अतोनात प्रेम आहे. आपल्या देशातील शिक्षण जागतिक दर्जाचे आहे. ज्ञान संपादन करून मी मायदेशाची सेवा करीन.’ यात खोटे काहीच नव्हते. पण पत्राखालचे नाव खोडून दुसऱ्या कोणाचेही घातले असते, तरी पत्र तसेच खरे राहिले असते. प्रेम तपासून पाहता येत नाही, आणि जे तपासता येत नाही ते अधिकाऱ्याच्या उपयोगाचे नसते. एकच मजकूर अनेक अर्जांतून फिरला असेल, तर संशयाला वेगळे कारण मिळते ते निराळेच. ही नाव खोडण्याची कसोटी मला पुढच्या दोन्ही मसुद्यांना उपयोगी पडली.

आता तिची हकीकत. ती इतिहासाची एम. ए. मोडी वाचायला शिकलेली. जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका संशोधन संस्थेत दोन वर्षे जुन्या कागदांची सूची करण्याचे काम तिने केले. तिथे कागदांचे रुमाल सोडून छायाचित्रे घेतली गेली होती. पण कोणता कागद कोणत्या रुमालातला, त्याच्या मागचा-पुढचा कोणता, याची नोंद राहिली नव्हती. कागद वाचता येत होता, पण तो कुठून आला हे सांगता येत नव्हते. पुराव्याच्या दृष्टीने अशा कागदाची निम्मी किंमत गेलेली असते. नेमके हेच शास्त्र शिकावे म्हणून तिने व्हँकुव्हरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातील अभिलेखशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला. हा अभ्यासक्रम तिथे १९८१ पासून चालू आहे.

पत्राचा पहिला भाग, म्हणजे अभ्यासाची योजना, तिने याच क्रमाने लिहिला. आजवर काय केले, त्यात कुठे अडले, हा अभ्यासक्रम त्या अडचणीवर कसा उपाय आहे आणि नंतर त्याचा उपयोग कुठे होणार. येथे एक प्रश्न अधिकारी हमखास विचारतो : हेच शिक्षण स्वदेशात, कमी खर्चात मिळत नाही काय? पत्रात त्याचे उत्तर नसेल, तर अधिकारी ते स्वतःच्या मनाने देतो. दिल्लीला राष्ट्रीय अभिलेखागाराची अभिलेख-शिक्षणाची शाळा आहे आणि तिचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम आहे. दुसऱ्या मसुद्यात तिने ‘भारतात अशी सोय नाही’ असे लिहिले होते. ते वाक्य सहज खोटे ठरले असते. शेवटच्या मसुद्यात तिने दिल्लीचा अभ्यासक्रम नावानिशी सांगितला आणि आपल्याला हवे आहे ते संगणकावर उतरविलेल्या कागदांची विश्वसनीयता कशी राखावी याचे शिक्षण, त्यावर या विद्यापीठात दीर्घकाळ संशोधन झालेले आहे, असा फरक दोन वाक्यांत दाखविला. स्वदेशातल्या सोयीला नावे न ठेवताही परदेशाची निवड समजावून देता येते.

दुसरा भाग घराशी असलेल्या संबंधांचा. येथे आपल्याकडे पुष्कळ जण वाडा, शेती, दागिने यांची जंत्री देतात. पण वडील कसत असलेली जमीन मुलीला परत आणीलच असे नाही. मुलगी नसतानाही ती पिकतच राहते. अधिकारी पाहतो ते निराळे असते. हिने परत येण्यावाचून इथे काय अडणार आहे, आणि परत आल्यावर हिला काय मिळणार आहे? बहिणीच्या बाबतीत सर्वांत भक्कम कागद ठरला तो तिच्या संस्थेचा. दोन वर्षांची बिनपगारी रजा मंजूर केली आहे आणि परतल्यावर सूचीच्या कामावर तिला पुन्हा रुजू करून घेऊ, असे संस्थेने लिहून दिले. संस्थेने पगाराचा आकडा कबूल केला नव्हता, म्हणून पत्रातही तो घातला नाही. जेवढे कागद बोलतो, तेवढेच पत्राने बोलावे.

याच भागात एक अवघड गोष्ट होती. तिचा थोरला भाऊ टोरोंटोला स्थायिक झालेला आहे. परदेशात सख्खा भाऊ असला की मुलगी तिकडेच राहील अशी शंका येणे स्वाभाविक आहे. भावाचा उल्लेखच टाळावा, असे एजंटाचे मत पडले. पण भावाने स्थायिक होताना भरलेल्या अर्जात बहिणीचे नाव होतेच. महत्त्वाची माहिती दडविली किंवा खोटी दिली असे ठरले, तर तिकडच्या कायद्याच्या कलम ४० खाली पाच वर्षे त्या देशात प्रवेश बंद होऊ शकतो. एक नकार आणि पाच वर्षांची बंदी यांत फार अंतर आहे. तिने सरळ लिहिले : ‘माझा भाऊ टोरोंटोत राहतो. तो माझा खर्च करणार नाही. आईवडिलांजवळ राहणारे अपत्य मी एकटीच आहे.’ जी गोष्ट विरुद्ध जाणार होती, तीच परतण्याचे एक कारण झाली. आणि ते कारण खरेही होते.

पैशाचा खुलासा हा पत्राचा तिसरा भाग, आणि शेतकऱ्याच्या घरात तोच सर्वांत चुकीचा वाचला जातो. शिक्षणशुल्क आणि प्रवासखर्च वगळून एका विद्यार्थ्याच्या वर्षभराच्या निर्वाहासाठी किती रक्कम दाखवायची, हे कॅनडा सरकार ठरविते. क्वेबेक प्रांत सोडून इतरत्र १ सप्टेंबर २०२५ पासून ही रक्कम २२,८९५ कॅनेडियन डॉलर ठरली. ती वेळोवेळी वाढविली जाते. आता ऊस पिकविणाऱ्या घराचे खाते पाहा. शेतीचे उत्पन्न आयकरमुक्त, त्यामुळे विवरणपत्र भरलेले नाही, किंवा भरलेले असले तरी त्यात किरकोळ आकडा. खात्यात कित्येक महिने शुकशुकाट, आणि गळिताच्या हंगामात एकदम मोठी रक्कम जमा. आपल्याला यात काही वावगे वाटत नाही. परक्या देशातल्या वाचकाला मात्र ती दाखविण्यापुरती उसनी आणलेली रक्कम वाटते. म्हणून तिने लिहिले की शेतीच्या उत्पन्नावर भारतात आयकर नाही आणि उसाचे पैसे कारखाना हप्त्यांनी देतो. त्याखाली कारखान्याच्या बिलांच्या तारखा आणि त्याच रकमा बँकेत जमा झाल्याच्या तारखा एका लहान तक्त्यात मांडल्या. सोबत सातबारा आणि बँकेचे शैक्षणिक कर्जाचे मंजुरीपत्र. सातबारा मराठीत असतो, तेव्हा त्याचे इंग्रजी भाषांतर, भाषांतरकाराचे प्रतिज्ञापत्र आणि मूळ उताऱ्याची प्रत एकत्र जोडावी लागते. हे भाषांतर घरच्या माणसाने केलेले चालत नाही.

एक शंका मला बऱ्याच जणांनी विचारली. पुढेमागे तिकडेच राहावेसे वाटले तर? ‘कधीही राहणार नाही’ असे वचन द्यायचे काय? तसे वचन कायदा मागत नाही. कायम वास्तव्याची इच्छा असणे आणि तूर्त शिक्षणासाठी जाणे या दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात, असे तिकडच्या कायद्याचे कलम २२ सांगते. अट एवढीच की परवानगी संपली तर हा माणूस निघून जाईल अशी खात्री पटावी. म्हणून भविष्याविषयी शपथा वाहू नयेत. आजची योजना काय आहे ती सांगावी.

पहिल्यांदा अर्ज करणाऱ्याला आणखी एक भीती असते : पारपत्र कोरे आहे, पूर्वी कुठेच गेलो नाही. पूर्वी जाऊन वेळेवर परतलेल्याला त्याचा फायदा होतो हे खरे. पण प्रवास न केलेला असणे हा स्वतःहून दोष ठरत नाही, असे कॅनडाच्या फेडरल कोर्टाने अनेक निकालांत म्हटले आहे. तेव्हा ‘हा माझा पहिलाच परदेशप्रवास आहे’ एवढे एक वाक्य पुरे; त्याबद्दल दिलगिरी नको.

या मांडणीची मर्यादाही सांगितली पाहिजे. पत्र कितीही नेमके असले तरी मागे कागद नसेल तर ते निभावून नेत नाही, आणि सारे नीट असूनही नकार येऊ शकतो. अशा वेळी तेच पत्र पुन्हा पाठविण्यात अर्थ नसतो. जुलै २०२५ च्या अखेरीपासून काही नकारपत्रांबरोबर अधिकाऱ्याची टिपणेही दिली जाऊ लागली आहेत. खात्री कोणत्या जागी पटली नाही ते त्यांवरून कळते, आणि नव्या अर्जात त्याच जागेचे उत्तर द्यावे लागते. आधीचा नकारही नव्या अर्जात सांगावाच लागतो. शिवाय एका देशासाठी लिहिलेले पत्र दुसऱ्या देशाला चालेलच असे नाही. ऑस्ट्रेलियाने २३ मार्च २०२४ पासून ‘तात्पुरता प्रवेश’ ही आपली जुनी कसोटी बदलून ‘खरा विद्यार्थी’ ही कसोटी आणली. तिचे प्रश्न निराळे आहेत.

बहिणीचे शेवटचे पत्र दीड पानात बसले. परिच्छेदांना लहान मथळे, आणि प्रत्येक विधानापुढे कंसात जोडपत्राचा क्रमांक. त्यात ‘प्रेम’ हा शब्द एकदाही नव्हता. तरी ते वाचताना तिचे घर, तिचे काम आणि परत येऊन सोडायचे राहिलेले रुमाल मला स्पष्ट दिसले. तिला परवाना मिळाला. त्याचे श्रेय एकट्या पत्राला देता येणार नाही, कारण निकाल सगळ्या कागदांचा मिळून लागतो. पण त्या कागदांनी काय सांगायचे, हे मात्र पत्रानेच ठरविले होते.