चकलीचा भाव आणि उधारीची वही

मागच्या दिवाळीआधी नानाखेड्यातल्या आमच्या कॉलनीतल्या एक वहिनी वही घेऊन आल्या. "भाऊ, तुम्ही बँकेत होतात, जरा बघा ना. वीस किलो चकली विकली आणि हातात काहीच उरलं नाही." हिशेब नीट लिहिलेला होता, बेरजा बरोबर होत्या. चूक दोन ठिकाणी होती, आणि घरातून पहिल्यांदाच काही विकणाऱ्या बहुतेक भगिनींकडून नेमक्या याच दोन चुका होतात. म्हणून त्यांची परवानगी घेऊन ही वही इथे उघडतो आहे. भाव आपल्याकडचे आहेत, ते दर महिन्याला बदलतात. पद्धत मात्र तीच राहते.

वहिनी पाव किलोचं पाकीट 60 रुपयांना देत होत्या. हा भाव आला कुठून? कोपऱ्यावरच्या नमकीनच्या दुकानातून! उज्जैनमध्ये शेव किलोने घेण्याची सवय, त्यामुळे आपली चकलीही त्याच तागडीत तोलली जाते. पण दुकानदार मोठ्या भट्टीवर, घाऊक तेलात, कारागीर ठेवून माल काढतो. आपण घरच्या कढईत एका वेळी आठ-दहा चकल्या तळतो. तिथला भाव आपल्याला लागू पडत नाही.

मग एक किलो भाजणीचा खर्च मांडला. तांदूळ, हरभरा डाळ, मूग, उडीद, धणे-जिरे मिळून 75 रुपये. दळण 15. तेल मोहनाला आणि तळताना शोषलं जातं ते धरून साधारण 400 ग्रॅम, म्हणजे 60. तीळ, ओवा, तिखट, मीठ 25. गॅस 15. इथपर्यंत वहिनींनी लिहिलं होतं. राहिलं होतं ते तळणीत उरलेलं तेल. दोन-तीनदा तापवलं की ते काळं पडतं, फेस येतो, आणि त्यात तळलेली चकली आठ दिवसांत खवट लागते. ते टाकावं लागतं, त्याचे 20 धरा. एकूण 210 झाले.

एक किलो भाजणीची तेलासकट सुमारे एक किलो 350 ग्रॅम चकली होते. त्यातली तुटलेली आणि घरच्यांनी 'चव बघायला' घेतलेली वजा करा. विकायला सव्वा किलो उरते, म्हणजे पाव किलोची पाच पाकिटं. पिशवी आणि चिठ्ठीचे पाकिटामागे 5 रुपये धरले तर एकूण 235, म्हणजे एका पाकिटाला 47 रुपये खर्च. वहिनी म्हणाल्या, "मग 13 रुपये सुटतात की."

मी विचारलं, वेळ किती लागतो? भाजण्यापासून पाकीट बंद करेपर्यंत एका किलोला साडेतीन तास. पाच पाकिटांचे 65 रुपये भागिले साडेतीन तास, म्हणजे तासाला 19 रुपयेसुद्धा नाहीत. त्या जरा गप्प झाल्या. आपल्या तासाला भाव असतो हे कोणी त्यांना सांगितलंच नव्हतं. आम्ही तासाला 60 रुपये धरले. साडेतीन तासांचे 210, त्यात खर्चाचे 235 मिळवले, 445 झाले, पाचाने भागले, 89. म्हणून 90 रुपये भाव ठरला. गिऱ्हाईक थोडी कमी होतील, होऊ देत. कढई एक आणि हात दोन, त्यामुळे ऑर्डर संपण्याच्या आधी तासच संपतात.

आता दुसरी चूक, आणि बँकेच्या माणसाला हीच जास्त दिसते. वीस किलो म्हणजे 80 पाकिटं. नव्या भावाने विक्री 7,200, खर्च 3,760. सामानासाठी यजमानांकडून 4,000 घेतले होते. आता समजा निम्म्या मंडळींनी "नंतर देते हं" म्हटलं, तर हातात येतात 3,600. म्हणजे कागदावर चांगला नफा, पण पुढच्या वीस किलोचं सामानसुद्धा येत नाही. ओळखीच्यांकडे मागायला संकोच वाटतो, आणि धंदा तिथेच थांबतो. वहिनींचं नेमकं हेच झालं होतं, तेही 60 च्या भावात.

हे दुखणं जुनं आहे. मुंबईच्या गिरणगावात बायका घरी खाणावळ चालवत. कोकणातून, घाटावरून आलेले गिरणी कामगार दोन वेळचं जेवत आणि पैसे महिन्याच्या पगारावर देत. तोपर्यंत धान्य, तेल, रॉकेल आणायचं कशाने? वाण्याकडून उधारीवर किंवा सावकाराकडून व्याजाने. दिवसभर राबून मिळालेलं त्यांच्याकडेच जाई. हाताला चव होती, गिऱ्हाईकही होतं. नव्हते ते मधल्या महिन्याचे पैसे. 1975 साली प्रेमा पुरव यांनी या बायकांना अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं आणि छोटे गट करून, एकमेकींच्या भरवशावर, राष्ट्रीयीकृत बँकेकडून कर्ज मिळवून दिलं. बँकेत ज्यांच्या नावावर गहाण ठेवायला काही नव्हतं, त्यांची हमी शेजारणीच झाल्या. पुढे 1982 च्या संपात गिरण्या बंद पडल्या आणि पगारच थांबला, तेव्हा खाणावळींवरही घाला आला. सगळं गिऱ्हाईक एकाच पगारावर जगणारं असलं की असं होतं. आपल्याकडेही फक्त दिवाळीवर विसंबू नये, ते याचसाठी.

वहिनींना कर्जाची गरज नव्हती. निम्मे पैसे ऑर्डरबरोबर, निम्मे पाकीट हातात देताना, एवढा नियम पुरेसा होता. वीस किलोच्या ऑर्डरवर 3,600 आधीच येतात आणि सामानाला फक्त 160 कमी पडतात. यजमानांचे 4,000 मात्र 'घरातलेच' म्हणून सोडायचे नाहीत, उसने म्हणून वहीत लिहायचे आणि परत करायचे. त्यासाठी वहिनींच्या एकटीच्या नावाचं बचत खातं उघडलं, मोबाईलवर पैसे तिथेच येतात. संयुक्त खात्यात चकलीचे पैसे विजेच्या बिलात विरघळून जातात आणि वर्षाअखेर कमाई किती ते कळत नाही.

अन्न विकायचं म्हणजे अन्न सुरक्षा विभागाची नोंदणी लागते, घरातून विकलं तरी. छोट्या उद्योगाला परवाना नको, साधी नोंदणी चालते. ती FoSCoS या संकेतस्थळावर होते, आधार आणि फोटो लागतो, शुल्क वर्षाला 100 रुपये आहे. मिळणारा 14 आकडी क्रमांक पाकिटावर घालायचा, सोबत वजन, घटक आणि बनवल्याची तारीख. घरगुती सिलिंडर धंद्याला वापरायला मनाई आहे, काम वाढलं की व्यावसायिक घ्यावा लागतो आणि गॅसचे 15 रुपये पुन्हा मोजावे लागतात. आणि पाकीट चकली पूर्ण गार झाल्यावरच बंद करा. आतून दमटपणा दिसला तर ती दोन दिवसांत मऊ पडणार.

शिकवणीबद्दल काही जणींनी विचारलं. तिथे सामान नाही, म्हणून भांडवल अडकत नाही आणि नोंदणीचं हे सगळं नाही. फी मात्र महिन्याच्या पाच तारखेच्या आत, आगाऊ घ्यावी. तासाचा भाव इथेही काढा. चार मुलं, रोज एक तास, महिन्याला 25 दिवस, प्रत्येकी 500 असतील तर तासाला 80 रुपये पडतात. वह्या तपासायचा अर्धा तास रोज धरला की ते 53 होतात. शिकवणाऱ्या बहुतेक जणी हा अर्धा तास विसरतात.

वहिनींनी संक्रांतीला तिळाच्या वड्या केल्या. भाव आधी काढला होता. उधारीच्या पानावर एकच नाव राहिलं, ते त्यांच्या सख्ख्या नणंदेचं.