विळ्यावरचं तांबं

नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षबागांत डावणीवर फवारायला बोर्डो मिश्रण करतात. एक टक्क्याच्या मिश्रणाला शंभर लिटर पाणी, एक किलो मोरचूद आणि साधारण तेवढाच चुना. प्लॅस्टिकच्या पिंपात मोरचुदाच्या निळ्या पाण्यात चुन्याची निवळी मिसळली, की जुने बागायतदार घासून लख्ख केलेला विळा त्यात बुडवून बाहेर काढतात. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला, अजून घाला. नाही आला तर फवारणीला हरकत नाही. थर येत असताना फवारलं तर मोकळ्या तांब्याने पानं करपतात.

फ्रान्समध्ये बोर्डो परिसरात मिलार्दे यांनी 1885 मध्ये या मिश्रणाचा उपयोग जाहीर केला. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला 'विद्युत रसायनशास्त्र' नावाचं जे प्रकरण असतं, त्यातले जवळपास सगळे प्रश्न या एका पिंपातून विचारता येतात. विचारूनच बघू.

पहिला प्रश्न सोपा. तांब्याचं प्रमाण विद्युतअग्र विभव +0.34 व्होल्ट, लोखंडाचं −0.44 व्होल्ट. हायड्रोजनच्या अग्राला शून्य मानून हे आकडे ठरवलेले आहेत. ज्याचा आकडा वरचा, त्याचे आयन इलेक्ट्रॉन ओढून घेतात. म्हणून तांब्याचे आयन पात्यावर धातू होऊन बसतात आणि तेवढंच लोखंड आयन होऊन पाण्यात उतरतं. घटाचं विभव 0.34 − (−0.44), म्हणजे 0.78 व्होल्ट. इथे दोन उण्यांचा गोंधळ करून 0.34 मधून 0.44 वजा करणारे दरवर्षी भेटतात. त्यांचं उत्तर −0.10 येतं, म्हणजे विळ्यावर तांबं बसणारच नाही. असं उत्तर आलं की आकडेमोड पुन्हा तपासण्याआधी पिंपाकडे बघावं.

पण +0.34 हा आकडा एक मोलर द्रावणाचा आहे. पिंपात तेवढं तांबं कुठे असतं? एक किलो मोरचूद म्हणजे सुमारे 4 मोल, आणि पाणी शंभर लिटर. म्हणजे 0.04 मोलर. वाल्टर नर्न्स्ट यांचं समीकरण इथे लागतं:

E = E° + (0.0592/2) log [Cu²⁺]

दोन इलेक्ट्रॉन म्हणून भागिले दोन. 0.04 चा लॉग −1.4. त्याला 0.03 ने गुणलं की 0.04 व्होल्ट कमी होतात. तांब्याचं विभव 0.34 वरून 0.30 वर आलं. द्रावण पंचवीसपट पातळ झालं आणि फरक पडला तो एवढाच. तीव्रता दहापट बदलली की दोन इलेक्ट्रॉनांच्या अग्रावर सुमारे 0.03 व्होल्टचा फरक, हा हिशेब लक्षात ठेवला तर अर्धी उत्तरं कॅल्क्युलेटरशिवाय ताडून पाहता येतात.

आता खरा प्रश्न. चुना पुरेसा पडला की थर येत नाही, तो का? बहुतेक विद्यार्थी लिहितात, 'तांब्याचे आयन कमी झाले, म्हणून विभव घसरलं, म्हणून अभिक्रिया थांबली.' वाचायला बरं वाटतं. हिशेब करून बघू. चुन्यामुळे तांब्याचा बराचसा भाग हायड्रॉक्साइडसारख्या साक्यात जातो. सोयीसाठी तो निव्वळ Cu(OH)₂ धरू. प्रत्यक्षातला साका जास्त गुंतागुंतीचा असतो. त्याचा विद्राव्यता गुणाकार साधारण 2 × 10⁻²⁰ आहे. सामू 7 धरला तर हायड्रॉक्साइड आयन 10⁻⁷ मोलर, आणि मोकळं तांबं 2 × 10⁻⁶ मोलर उरतं. त्याचा लॉग −5.7, विभवातली घट 0.17 व्होल्ट. तांबं आलं 0.17 वर, लोखंड आहे −0.44 वर. घटाचं विभव अजूनही 0.61 व्होल्ट!

म्हणजे अभिक्रियेची दिशा बदललेलीच नाही. उलट, पिंपात लोखंडाचे आयन सुरुवातीला जवळजवळ नसल्यामुळे ओढ याहूनही जास्त असणार. तरी थर दिसत नाही, कारण विभव दिशा सांगतं, माल किती आहे ते सांगत नाही. 2 × 10⁻⁶ मोलर म्हणजे लिटरमागे जेमतेम 0.13 मिलिग्रॅम तांबं. साक्यातून नवं तांबं सावकाश सुटतं, आणि विळा तर क्षणभरच बुडवलेला असतो. त्यातून डोळ्यांना दिसेल असा थर बसायचा कसा?

विभवाची दुसरी मर्यादा घरच्या स्टेनलेस स्टीलच्या सुरीने कळते. तिच्यात क्रोमियम असतं. त्याचं विभव −0.74, म्हणजे लोखंडाहूनही खाली. तक्त्यावर विसंबलं तर तिच्यावर तांबं आणखी जोरात बसायला हवं. सहसा बसत नाही, कारण क्रोमियमच्या ऑक्साइडचं घट्ट पापुद्र्यासारखं आवरण धातूला द्रावणापर्यंत पोचू देत नाही. तेलकट विळाही असाच फसवतो, म्हणून तो आधी घासायचा.

शेवटचा प्रश्न जरा खोडसाळ आहे. लोखंड पाण्यात उतरतं ते Fe²⁺ होऊन की Fe³⁺ होऊन? त्यासाठी Fe³⁺ ते Fe हे विभव हवं. तक्त्यात दिलेलं असतं Fe³⁺ ते Fe²⁺ +0.77 आणि Fe²⁺ ते Fe −0.44. दोन्हींची बेरीज करून +0.33 लिहायचा मोह होतो. पण विभव हा दर आहे, प्रत्येक इलेक्ट्रॉनामागचा. एक किलो बटाटे चाळीस रुपयांनी आणि दोन किलो पंचवीसने घेतले, तर तीन किलोंचा भाव पासष्ट होत नाही. नव्वद रुपयांना तीनने भागून तीस येतो. इथेही तसंच. 0.77 × 1 आणि −0.44 × 2 यांची बेरीज −0.11, ती तीन इलेक्ट्रॉनांत वाटली की −0.04 व्होल्ट.

मग पहिल्या प्रश्नात सरळ वजाबाकी कशी चालली? तिथे तांब्याने घेतलेले इलेक्ट्रॉन आणि लोखंडाने दिलेले इलेक्ट्रॉन सारखेच होते, शेवटी एकही शिल्लक राहिला नाही. इथे तीन इलेक्ट्रॉन समीकरणात उरतात, म्हणून वजन देऊन सरासरी काढावी लागते.

आता 0.34 − (−0.04) = 0.38, म्हणजे धन. तेवढ्यावर Fe³⁺ लिहून मोकळं झालं तर गुण गेले. कारण लोखंड आधी Fe²⁺ होतं, आणि तिथून पुढच्या पायरीचं विभव 0.34 − 0.77 = −0.43 व्होल्ट. तांबं त्याला पुढे ढकलू शकत नाही. चुकून Fe³⁺ झालंच, तर शेजारचं लोखंड त्याला परत Fe²⁺ करतं. त्या अभिक्रियेचं विभव 1.21 व्होल्ट आहे. फेरस सल्फेटच्या द्रावणात लोखंडी खिळा टाकून ठेवतात तो याचसाठी.

हा प्रश्न परीक्षेत सहा गुणांना घातला, तर आकडेमोडीला दोन आणि कारणांना चार गुण ठेवावेत, असं माझं मत आहे.