फाइल आहे, आवाज नाही

समजा, निफाडच्या एका द्राक्ष बागायतदाराने व्यापाऱ्याशी फोनवर भाव ठरवला. पुढे वाद नको म्हणून प्ले स्टोअरवरून घेतलेल्या ॲपमध्ये ते बोलणं रेकॉर्डही केलं. आठवड्याने व्यापारी शब्द फिरवतो, तेव्हा हा फाइल उघडतो. चार मिनिटं बारा सेकंदांची फाइल आहे, सेकंद सरकताहेत, पण आवाजाची रेघ सरळ सपाट. ना याचं बोलणं ऐकू येतं, ना त्याचं.

अशा वेळी माणूस मोबाइलचं दुकान गाठतो. मोबाइल बहुतेकदा ठणठणीत असतो.

कॉलमधला दोन्ही बाजूंचा आवाज थेट घेण्याची परवानगी अँड्रॉइड फक्त फोनमध्ये मुळातच बसवलेल्या सिस्टिम ॲपला देतं. बाहेरून घेतलेल्या ॲपला ती मिळतच नाही. २०१९च्या अँड्रॉइड १० पासून तर कॉल चालू असताना अशा ॲपने माइक मागितला, की त्याला नकार न देता निव्वळ शांतता पुरवली जाते. ॲपला वाटतं काम चाललंय, म्हणून फाइल तयार होते. काही ॲपनी दिव्यांगांसाठी असलेल्या ॲक्सेसिबिलिटी सेवेतून वाट काढली होती. ११ मे २०२२ पासून गूगलने प्ले स्टोअरच्या नियमांनी तीही बंद केली आणि ट्रूकॉलरनेही तेव्हा ही सोय काढून टाकली.

दोष नेमका कुठे आहे, हे घरच्या घरी कळतं. कॉल न लावता त्याच ॲपमध्ये स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून ऐकावा. तो नीट आला आणि कॉलमध्येच गायब झाला, तर ही अँड्रॉइडची मर्यादा आहे. सेटिंगमध्ये कितीही शोधलं तरी ती हटत नाही. कॉलशिवायही शांतताच असेल, तर ॲपची माइकची परवानगी तपासावी. वरून खाली ओढायच्या पट्टीतलं Mic access हे बटणही पाहावं. अँड्रॉइड १२ पासून ते बंद असलं, तर परवानगी दिलेली असूनही ॲपला आवाज मिळत नाही.

म्हणून भरवसा ठेवायचा तो फोनच्या मूळ कॉलिंग ॲपवर. तिथलं रेकॉर्डचं बटण समोरच्याने फोन उचलेपर्यंत चालत नाही. ते मुळातच दिसत नसेल, तर ॲप अपडेट करावं. तरीही नसेल, तर त्या मॉडेलमध्ये किंवा त्या देशात ती सोय दिलेली नाही, असं समजावं. गूगलच्या फोन ॲपमध्ये रेकॉर्डिंग सुरू होताच तशी सूचना दोघांनाही ऐकू येते. आयफोनमध्ये ऑक्टोबर २०२४च्या आयओएस १८.१ पासून ही सोय आली. तिथेही सूचना होते आणि रेकॉर्डिंग नोट्समध्ये जाऊन बसतं. व्हॉट्सॲपचा कॉल इंटरनेटवरून जातो, त्यामुळे फोन ॲपचं हे बटण तिथे नसतं.

भावाचं, पैशाचं बोलणं करण्याआधी घरातल्याच कुणाला तरी एक मिनिटाचा कॉल करून पाहा, आणि रेकॉर्डिंगमध्ये दोन्ही आवाज आहेत ना, हे कानांनी ऐकून घ्या.