खुलासा

गणपती नुकतेच गेले होते. पुण्यात पेठेतल्या एका पतसंस्थेत मी तेव्हा कॅशियर होते. शिपायानं लिफाफा पुढे केला. ‘कारणे दाखवा नोटीस’. तीन आरोप आणि खुलाशाला तीन दिवस! मी सहीच करेना. शेजारचे काका सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "अगं, सही म्हणजे कबुली नव्हे. ‘मिळाली’ लिही, तारीख घाल आणि घे."

रात्री बसून मी चार पानं लिहिली. आठ वर्षांची नोकरी, सासूबाईंचं आजारपण, साहेबांचा पक्षपात, सगळं आलं त्यात. काकांनी वाचून बाजूला ठेवली. "यात तारीख एकही नाही. आणि साहेबांवर आरोप कशाला? नोटीस तुला आलीय." मग नोटिशीतलेच क्रमांक घालून नव्यानं लिहायला बसलो.

पहिला आरोप चार दिवस उशिरा येण्याचा. त्यातले दोन दिवस मला खरंच उशीर झाला होता. ते सरळ मान्य केलं, किती मिनिटं तेही लिहिलं आणि दिलगिरी व्यक्त केली. तिसऱ्या दिवशी मला सकाळी परस्पर बँकेत भरणा करायला पाठवलं होतं. भरण्याची स्लिप जोडली. चौथा विसर्जनाचा दुसरा दिवस. मिरवणूक संपलेली नव्हती, लक्ष्मी रस्ता बंद. तेवढंच लिहिलं.

दुसरा आरोप मनाला लागला होता. रोकडीत पाचशे रुपये कमी पडले, ते म्हणे मी लपवले! मी लिहिलं होतं, ‘हे धादांत खोटे आहे.’ काकांनी ते खोडून घातलं, ‘हा आरोप मला मान्य नाही.’ खाली कारण: तूट त्याच संध्याकाळी रोकड वहीत नोंदवली, रक्कम मी भरली, नोंदीखाली लेखापालांची सही आहे. त्या पानाची झेरॉक्स जोडली.

तिसरा, सभासदांशी उद्धट वागण्याचा. कोणाशी, कधी, काहीच नाही. मी म्हटलं, सोडून देऊ. काका एकदम म्हणाले, "छे! उत्तर दिलं नाहीस तर मान्य आहे असं धरतील. आणि वाद नको म्हणून माफीही मागू नकोस, तीही कबुलीच." म्हणून लिहिलं, ‘हा आरोप मला मान्य नाही. सभासदाचे नाव व तारीख कळविल्यास सविस्तर खुलासा सादर करीन.’ शेवटी प्रत्यक्ष म्हणणं मांडायची संधी मिळावी, ही विनंती. सगळं मिळून दीड पान.

तिसऱ्या दिवशी दुपारी दोन प्रती घेऊन गेले. एक दिली, दुसरीवर तारीख-शिक्क्यासह पोच घेतली. शिक्का दिला नसता तर त्याच दिवशी पोस्टानं पाठवून पावती जपायची, असं काकांनी बजावलं होतं.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. दोन दिवसांच्या उशिराबद्दल लेखी समज दिली होती. उरलेल्या दोन आरोपांचा त्यात उल्लेखच नव्हता. तेही पत्र मी पोचेच्या प्रतीला टाचून ठेवलं.